हायपोक्लोराइट, सुई आणि मूलाग्र

दंतमूलनलिकेचे उपचार शिकू लागलेला विद्यार्थी आपल्या शिक्षकाला प्रथम जो प्रश्न विचारतो, तो बहुधा द्रावणाच्या तीव्रतेचा असतो : सोडियम हायपोक्लोराइट एक टक्का घ्यावे, तीन टक्के घ्यावे, की सव्वापाच टक्के घ्यावे? प्रश्न गैर नाही. परंतु त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक लहानसा हिशेब स्वतःच्या हाताने करून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नलिकेच्या मुखापासून मूलाग्रापर्यंत बारा मिलिमीटर लांबीची, टोकाशी 30 क्रमांकाच्या फाइलएवढी म्हणजे 0.30 मिलिमीटर रुंद, आणि तेथून वर प्रत्येक मिलिमीटरला 0.04 मिलिमीटरने रुंदावत जाणारी एक गोल नलिका डोळ्यांपुढे आणावी आणि तिच्यात किती द्रव मावेल ते काढावे. उत्तर येते सुमारे तीन घनमिलिमीटर. साधा एक थेंब मिलिलिटरचा विसावा भाग धरला, तर त्या एका थेंबात अशा सोळा-सतरा नलिका भरून निघतील. हा आकडा ज्याच्या मनात ठसला त्याला हायपोक्लोराइटची शक्ती कोठे आहे आणि त्याचे भय कोठे आहे, या दोन्ही गोष्टी समजण्याची वाट मोकळी झाली, असे मी समजतो.

प्रथम शक्तीचा विचार करू. हे द्रावण दंतवैद्यकात जन्मलेले नव्हे. विरंजनासाठी ते अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये प्रचारात आले आणि पहिल्या महायुद्धात, 1915 च्या सुमारास, हेन्री डेकिन या इंग्रज रसायनज्ञाने ॲलेक्सिस कॅरेल या शल्यविशारदाच्या सहकार्याने सैनिकांच्या कुजलेल्या जखमा धुण्यासाठी त्याचे अर्ध्या टक्क्याचे सौम्य रूप सिद्ध केले. त्या जखमा एकदाच धुऊन बांधून ठेवीत नसत, तर रबरी नळ्यांच्या द्वारे द्रावण ठरावीक अंतराने पुनःपुन्हा जखमेत सोडीत असत. कारण डेकिनला ठाऊक होते की जखमेतील मृत ऊतीशी गाठ पडताच द्रावणातील क्लोरीन खर्ची पडते आणि मागे राहते ते जवळजवळ निष्क्रिय खारे पाणी. नेमकी हीच गोष्ट नलिकेत घडते. 11 ते 12 पीएचच्या या क्षारीय द्रावणातील हायड्रॉक्साइड मेदाचे साबणात रूपांतर करते आणि क्लोरीन प्रथिनांतील अमिनो गटांशी संयोग पावून क्लोरामाइन बनविते. दंतगराचे धागे त्यामुळे विरघळतात, जीवाणूंचा पडदा फाटतो आणि जीवाणूंची विकरे निकामी होतात. जिवंत असो वा मृत, सेंद्रिय ऊती विरघळविण्याचा हा गुण आपल्या नित्याच्या प्रक्षालकांपैकी दुसऱ्या कोणातही या प्रमाणात नाही, आणि म्हणूनच त्याचे स्थान आजवर कोणी घेऊ शकले नाही. पण हे कार्य करताना ते स्वतः संपते. तीन घनमिलिमीटर द्रावणात जेवढे क्लोरीन असेल तेवढेच काम होणार, आणि ते काही क्षणांत होऊन जाणार.

यावरून तीव्रतेच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. नलिकेत पाच टक्क्यांचे द्रावण एकदा भरून विद्यार्थी दहा मिनिटे स्वस्थ बसला, तर त्याच्या नलिकेत पहिल्या काही क्षणांनंतर हायपोक्लोराइट नावापुरतेच उरलेले असते. उलट दोन-अडीच टक्क्यांचे द्रावण प्रत्येक फाइलनंतर एक-दोन मिलिलिटर ताजे सोडणारा विद्यार्थी अधिक क्लोरीन आणि अधिक काळ मूलाग्राजवळ पोहोचवितो. ऊती विरघळविण्याची क्षमता केवळ टक्क्यांवर अवलंबून नसून द्रावणाचे परिमाण, त्याचे हलणे, ऊतीचा उघडा पृष्ठभाग आणि वेळ या सर्वांवर अवलंबून असते, हे मूरर आणि वेसेलिंक यांनी 1982 मध्ये प्रयोगाने दाखविले होते. माझा स्वतःचा कौल अडीच ते तीन टक्क्यांना आहे. अर्ध्या टक्क्याचे द्रावण अतिशय मंद पडते, आणि पाच टक्क्यांच्या पुढे मिळणारा लाभ, ते मूलाग्राबाहेर गेल्यास होणाऱ्या अधिक दाहाची भरपाई करीत नाही. पण ज्याच्या हातून द्रावण वारंवार बदलले जात नाही, त्याने टक्क्यांविषयी वाद घालू नये.

हायपोक्लोराइटची एक मर्यादा मात्र कितीही ताजे द्रावण सोडले तरी ओलांडता येत नाही. फाइल फिरविताना डेंटिनचा जो भुगा नलिकेच्या भिंतीवर थापला जातो, ज्याला आपण स्मिअर लेयर म्हणतो, त्याचा खनिज अंश हायपोक्लोराइटला विरघळत नाही. त्यासाठी नायगार्ड-ओस्टबी यांनी 1957 मध्ये प्रचारात आणलेले ईडीटीए, सतरा टक्क्यांचे, आकार देणे पूर्ण झाल्यावर सुमारे एक मिनिट वापरावे. विद्यार्थी येथे एक चूक करतात ती अशी की दोन्ही द्रावणे एकत्र असली तर काम दुप्पट होईल, असे समजून ईडीटीए हायपोक्लोराइटमध्येच ओततात किंवा आलटूनपालटून सोडतात. ईडीटीए उपलब्ध क्लोरीन तत्काळ नष्ट करते, म्हणून अशा मिश्रणात ऊती विरघळविण्याचे काम जवळजवळ थांबते. क्लोरहेक्सिडीनशी हायपोक्लोराइटची गाठ पडली, तर नारिंगी-तपकिरी साका तयार होतो, जो डेंटिनच्या सूक्ष्मनलिकांची तोंडे बुजवितो आणि दाताला डाग पाडतो. ज्याला दोन्ही वापरायची आहेत त्याने मध्ये सलाइनने भरपूर धुऊन, पेपर पॉइंटने नलिका कोरडी करून मगच क्लोरहेक्सिडीन सोडावे. क्लोरहेक्सिडीन ऊती विरघळवीत नाही, म्हणून हायपोक्लोराइटच्या ऐवजी ते घेणे हा निव्वळ गैरसमज आहे.

आता भयाचा विचार करू, आणि तो मी एका प्रसंगाच्या आधारे करतो, कारण त्या प्रसंगाने मला जे शिकविले ते पुस्तकातून इतक्या स्पष्टपणे कळले नव्हते. अनेक वर्षांपूर्वी, मी ज्या ठिकाणी शिकवीत होतो तेथे, पदव्युत्तर वर्गातील एका हुशार विद्यार्थ्याकडे बेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीच्या वरच्या डाव्या दुसऱ्या उपदाढेचे काम होते. लांबी 21 मिलिमीटर मोजलेली होती, रबर डॅम व्यवस्थित लावलेला होता आणि नलिकेला 30 क्रमांकाच्या चार टक्के निमुळतेपणाच्या फाइलने आकार दिला होता. पुरवठ्याचा तुटवडा असल्याने कपाटात बाजूला छिद्र असलेल्या बारीक सुया त्या दिवशी नव्हत्या, म्हणून त्याने दोन मिलिलिटरच्या सिरिंजवर इंजेक्शनची नेहमीची 26 गेजची उघड्या टोकाची सुई चढविली. खबरदारी त्याने घेतली नाही असे नाही. रबरी चकती त्याने 17 मिलिमीटरवर लावली होती, म्हणजे पुस्तकात सांगितलेल्या दोन-तीन मिलिमीटरांऐवजी चार मिलिमीटर आखूड. द्रव जात नाही असे वाटल्यावर त्याने अंगठ्याचा जोर वाढविला, आणि त्याच क्षणी, भूल दिलेली असतानाही, ती स्त्री खुर्चीत उसळून ओरडली. दोन मिनिटांत दातातून रक्त वर आले आणि तिचा डावा गाल माझ्या डोळ्यांदेखत फुगू लागला.

विद्यार्थी पांढरा पडला होता. तो मला म्हणाला, "सर, मी चार मिलिमीटर मागे होतो." तो खरेच बोलत होता, आणि त्याच्या त्या वाक्यातच या विषयाचे मर्म आहे. टोकाशी 0.30 मिलिमीटर असलेली त्याची नलिका चार मिलिमीटर वर 0.46 मिलिमीटर रुंद होती, आणि 26 गेजच्या सुईचा बाह्य व्यास 0.46 मिलिमीटर आहे. सुई चार मिलिमीटर आखूड असूनही तेथेच ती बाटलीतील बुचासारखी घट्ट बसली होती. परत येण्यास वाट नसलेला द्रव, उघड्या टोकातून सरळ मूलाग्राच्या दिशेने, अंगठ्याच्या साऱ्या जोरानिशी गेला. दोन मिलिलिटरच्या सिरिंजचे आडवे क्षेत्रफळ लहान असल्याने तोच जोर तिच्यात पाच मिलिलिटरच्या सिरिंजपेक्षा अधिक दाब निर्माण करतो, हे आणखी एक. वरच्या उपदाढेच्या मूलाग्रावरील गालाकडचे हाड तर कित्येकदा कागदाइतके पातळ, क्वचित नाहीसेच झालेले असते. ज्या नलिकेत थेंबाचा पंधरावा भागही मावत नाही, तिच्यातून दोन-तीन थेंब बाहेर ढकलले गेले, तरी ते नलिकेच्या क्षमतेच्या कित्येक पटींनी अधिक असतात.

सुईचे अंतर ही सुरक्षिततेची खात्री नव्हे. सुईभोवती द्रवाला परतण्यास जागा आहे किंवा नाही, हीच खात्री आहे. तोच हिशेब 30 गेजच्या सुईसाठी करून पाहा. तिचा व्यास 0.31 मिलिमीटर आहे आणि त्याच नलिकेत मूलाग्रापासून दोन मिलिमीटरवर नलिका 0.38 मिलिमीटर रुंद आहे. सुई सैल राहते, द्रव तिच्या अंगावरून वर येतो आणि सक्शनमध्ये दिसतो. 27 गेजची सुई 0.41 मिलिमीटर जाड असल्याने तीन मिलिमीटरवर जेमतेम सुटी राहील, आणि गोल नसलेल्या नलिकेत तर ती अडकेलच. म्हणून माझी ताकीद अशी आहे की प्रत्येक विद्यार्थ्याने सुई सिरिंजला चढविण्यापूर्वी हा हिशेब वहीत लिहावा, आणि नलिकेला पुरेसा आकार मिळेपर्यंत सुई खोल नेण्याचा मोह टाळावा. तोवर द्रावण चेंबरात भरून ठेवावे, फाइल स्वतःच त्यातले थोडे खाली घेऊन जाते.

सुई बंद टोकाची आणि बाजूला छिद्र असलेली घ्यावी. तिचा तोटा असा की तिच्या टोकापुढे साधारण एक मिलिमीटरपर्यंतच द्रव खऱ्या अर्थाने बदलतो. उघड्या टोकाची सुई पुढे अधिक दूर पोहोचते, पण तिचा दाबही पुढेच जातो. सिरिंज पाच मिलिलिटरची, लुअर-लॉकची असावी, कारण नुसती दाबून बसविलेली सुई दाबाखाली निसटते आणि हायपोक्लोराइटची पिचकारी रुग्णाच्या डोळ्यांत जाते. बोटांचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु तो क्षुल्लक नाही : दट्ट्या अंगठ्याने दाबू नये, तर्जनीने दाबावा, कारण तर्जनीचा जोर कमी आणि जाणीव अधिक असते. एक मिलिलिटर द्रव सोडण्यास किमान पंधरा सेकंद घ्यावेत. सुई स्थिर धरू नये, दोन-चार मिलिमीटर वरखाली करीत राहावे, आणि जेथे किंचित अडल्यासारखे वाटेल तेथून एक-दोन मिलिमीटर मागे येऊन मगच दट्ट्यास हात लावावा. हाताला विरोध जाणवला की थांबावे. सिरिंज जो विरोध करते तो कधीच जोराने मोडून काढण्याजोगा नसतो. मूलाग्राजवळ हवेचा बुडबुडा अडकून द्रव पोहोचत नसेल, तर त्यावर उपाय जोर नव्हे. नलिकेत नीट बसणारा गटापर्चा शंकू लांबीपेक्षा एक मिलिमीटर आखूड ठेवून दोन-तीन मिलिमीटर हळूहळू वरखाली करावा, अथवा अल्ट्रासोनिक साधन भिंतींना न टेकविता वीस-वीस सेकंद तीनदा चालवून दर वेळी ताजे द्रावण भरावे.

उघडे मूलाग्र, मुळाची झीज, वेध, किंवा गाठीने हाड खाल्लेला दात असेल, तर वरील सर्व नियम दुप्पट कसोशीने पाळावेत, आणि अशा वेळी एक टक्क्याचे द्रावण घेण्यास माझी हरकत नाही. वरच्या दाढांच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवावी : रुग्णाला घशात क्लोरीनची चव लागली किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव आला, तर द्रव कपोलगुहेत गेला असे समजावे. या गुहेचे प्रसंग कित्येकदा तितके वेदनादायक नसतात आणि म्हणून लक्षातच येत नाहीत.

आता त्या स्त्रीकडे वळू. त्या क्षणी काय करावे हे विद्यार्थ्याला आधी पाठ असले पाहिजे, कारण त्या क्षणी विचार सुचत नाही. द्रावण सोडणे तत्काळ थांबवावे आणि सुई बाहेर काढावी. पुष्कळ जण घाबरून दात ताबडतोब कापसाने बंद करतात, ते करू नये. बाहेर येणारे रक्त येऊ द्यावे, बारीक सक्शनने नलिकेतील उरलेले द्रावण ओढून घ्यावे आणि कसलाही दाब न देता सलाइनने धुवावे. आम्ही तिला लांब परिणामाची भूल नसरोधाच्या पद्धतीने दिली, कारण मुळाभोवती दिलेली भूल आता पुरेशी राहिली नव्हती. मग मी तिला म्हणालो, "ताई, औषधाचा थोडा अंश मुळाबाहेर गेला आहे. सूज आणखी वाढेल, उद्या डोळाही बंद होईल आणि गालावर निळसर डाग पडतील. पण हे हळूहळू जाईल आणि आम्ही तुमच्याबरोबर आहोत." ही गोष्ट आधी सांगणे औषधाइतकेच जरुरीचे असते, कारण न सांगितलेली सूज रुग्णाला रात्री मृत्यूचे भय घालते.

रक्त थांबल्यावर दात तात्पुरत्या भरणाने बंद केला. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फाचा शेक, पंधरा मिनिटे ठेवून पंधरा मिनिटे काढून, आणि दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक व कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. वेदनाशामक दिले. प्रतिजैविक आम्ही दिले ते मृत झालेल्या ऊतीत संसर्ग होण्याची भीती होती म्हणून. प्रत्येक अशा प्रसंगात ते आपोआप लिहावे, असा माझा आग्रह नाही. सूज रोखण्यासाठी स्टेरॉइड द्यावे की नाही याचा निर्णय मात्र मुखशल्यविशारदाशी मसलत करूनच घ्यावा. गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास, जिभेखाली वा गळ्याकडे उतरणारी सूज, किंवा डोळ्याची हालचाल अडखळणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी दंतचिकित्सालयात थांबू नये, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

संध्याकाळपर्यंत तिच्या खालच्या पापणीपासून मानेच्या वरच्या भागापर्यंत काळानिळा पट्टा उतरला होता. दातापासून इतक्या दूर रक्त का साकळते, याचे एक स्पष्टीकरण काही अभ्यासकांनी असे दिले आहे की दाबाखालील द्रव मुळाजवळच्या शिरांत शिरून चेहऱ्याच्या मोठ्या शिरेपर्यंत वाहत जातो. आणि शिरांतील दाब फारच अल्प असल्याने त्यावर मात करण्यास सिरिंजचा थोडका जोरही पुरतो. हे स्पष्टीकरण मला पटते, कारण तिच्या गालावरील डागांचा मार्ग सुजेच्या मार्गापेक्षा वेगळा होता. दुसऱ्या सकाळी डोळा पूर्ण बंद झाला. दहाव्या दिवशी डाग पिवळे पडले. चार आठवड्यांनी चेहरा पूर्ववत झाला, परंतु वरच्या ओठाची डावी बाजू त्यानंतरही काही आठवडे बधिर होती. तो दात आम्ही नंतर पुन्हा उघडून, बारीक सुईने धुऊन, यथावकाश भरला. प्रसंगाची नोंद त्याच दिवशी केसपेपरवर केली होती : वेळ, द्रावणाची तीव्रता, अंदाजे परिमाण, सुईचा गेज, लांबी, दिलेली औषधे, रुग्णाला सांगितलेले शब्द, आणि सूज पहिल्या दिवशी व पुढे कोठवर होती याची छायाचित्रे. अशी नोंद करताना लाज वाटते, तरीही तीच नोंद पुढे रुग्णाच्या, आणि उपचार करणाऱ्याच्याही, उपयोगी पडते.

आणखी एक धोका असा आहे की त्यात नलिकेचा किंवा दाबाचा संबंधच नाही. रंगहीन द्रव आणि रंगहीन सिरिंजा एका ट्रेमध्ये शेजारी ठेवल्यामुळे भूल म्हणून हायपोक्लोराइट ऊतीत टोचले गेल्याची उदाहरणे दंतवैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. त्याचे परिणाम माझ्या वर्णनातील स्त्रीच्या दुखण्याहून कितीतरी भयंकर असतात. भूल फक्त काडतुसातून किंवा कुपीतूनच भरावी आणि हायपोक्लोराइटसाठी निराळ्या रंगाची, चिठ्ठी लावलेली सिरिंज राखावी. रिकाम्या सलाइनच्या बाटलीत हायपोक्लोराइट भरून ठेवण्याची जी सवय अनेक ठिकाणी आढळते, ती आजच मोडावी, कारण सलाइन समजून कोणीही ती उचलू शकतो. द्रावण गडद रंगाच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड जागी ठेवावे आणि बाटली उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहावी. ते प्रकाशाने, उष्णतेने आणि धातूंच्या अंशाने क्षीण होत जाते. कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये सुवास आणि अधिक क्षार घातलेले असतात, म्हणून ते स्वस्त पडले तरी नलिकेसाठी घेऊ नये. रुग्णाला आणि स्वतःला चश्मा लावावा, रुग्णाच्या कपड्यांवर प्लास्टिकचा ॲप्रन घालावा. आणि डोळ्यांत थेंब उडालाच तर फोन करण्यापूर्वी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यापूर्वी, किमान पंधरा-वीस मिनिटे नळाच्या किंवा सलाइनच्या सतत धारेखाली डोळा धुवावा.

त्या दिवसानंतर आमच्या विभागात एक नियम झाला. बारीक, बाजूला छिद्र असलेली सुई कपाटात नसेल, तर त्या दिवशी मूलनलिकेत प्रक्षालनाचे काम होणार नाही, रुग्णाला तात्पुरते भरण देऊन पुढची तारीख द्यावी. पुरवठा आला नाही म्हणून उरलेल्या सुईने भागविणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वरिष्ठांकडे हाच आग्रह धरावा, अशी माझी त्याला विनंती आहे.